ध्येयं बदलली की इक्विटी, डेट आणि सोन्याची फेरमांडणी कशी करायची (चाळिशीतल्या पगारदारासाठी, आकड्यांसकट)

रिबॅलन्सिंगचा विषय निघाला की बहुतेक लोक पहिलाच प्रश्न टक्क्यांचा विचारतात. इक्विटी ६० ठेवू का ५०, सोनं १० पुरे का १५ हवं. नेहमीच्या रिबॅलन्सिंगला हा प्रश्न बरोबर आहे, कारण तिथे ध्येय तेच असतं, फक्त बाजार वरखाली झाल्यामुळे प्रमाण बिघडलेलं असतं आणि ते जागेवर आणायचं असतं. पण तुमची ध्येयंच बदलली असतील तर जुनं प्रमाण हीच चुकीची जागा आहे, तिकडे परत जाऊन काय करणार? अशा वेळी आधी पैसे तारखांना बांधायचे, टक्का सगळ्यात शेवटी आपोआप निघतो. आणि हा क्रम पाळला की लक्षात येतं की विकायची गरज आपण समजतो त्यापेक्षा बरीच कमी असते. हेच एका उदाहरणात शेवटपर्यंत करून दाखवतो.

समजा पुण्यातलं एक घर. नवरा ४३ वर्षांचा, आयटीत, ३० टक्क्यांच्या टॅक्स स्लॅबमध्ये. घरखर्च महिना ८५ हजार, एसआयपी महिना ४५ हजार, सगळी इक्विटी फंडांत. जुना प्लॅन असा होता की आठ वर्षांनी टू बीएचके विकून मोठा फ्लॅट घ्यायचा आणि ६० पर्यंत नोकरी. आता दोन्ही गोष्टी बदलल्यात. मोठा फ्लॅट नको असं दोघांचं ठरलंय. मुलगी नुकतीच दहावीत गेलीये, म्हणजे तीन वर्षांनी इंजिनिअरिंगची पहिली फी. आणि नवऱ्याला ५२ व्या वर्षी नोकरी सोडून साताऱ्याच्या घरी राहून अर्धवेळ कन्सल्टिंग करायचंय.

जमा किती ते बघा. इक्विटी म्युच्युअल फंड ५२ लाख, थेट शेअर ६ लाख, पीएफ १८ लाख, पीपीएफ ९ लाख, एफडी ५ लाख, सॉव्हरिन गोल्ड बॉण्ड आजच्या भावाने ८ लाख, गोल्ड ईटीएफ ६ लाख. घरातले दागिने वेगळे.

आधी खरी यादी करा

ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून लोक अंदाजे आकडे धरतात आणि तिथूनच गाडी रुळावरून घसरते. कॅम्स किंवा केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांच्या साइटवरून पॅन आणि ईमेल टाकून एकत्रित स्टेटमेंट मागवा, सगळ्या फंड हाउसचे फोलिओ त्यात येतात, तुम्ही विसरलेलेसुद्धा. पीएफचं पासबुक उघडून बघा, पीपीएफ कोणत्या आर्थिक वर्षात उघडलं ते बघा कारण मॅच्युरिटी त्यावरून ठरते, गोल्ड बॉण्ड कोणत्या सिरीजचा आणि कधी संपतो ते बघा. प्रत्येक गोष्टीपुढे तीनच रकाने हवेत: आजची किंमत, मूळ खरेदी, आणि पैसे कधी मोकळे होतात. तिसरा रकाना बहुतेक लोक ठेवतच नाहीत आणि पुढे सगळं काम त्याचंच आहे.

दोन गोष्टी या यादीतून बाहेर काढायच्या. एक, सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम. इथे ८५ हजार गुणिले सहा म्हणजे पाच लाखांच्या थोडं वर, तर ती ५ लाखांची एफडी संकटकाळासाठी बाजूला, तिला डेट म्हणजे व्याजाच्या गुंतवणुकीत मोजायचंच नाही. दुसरं म्हणजे दागिने. यावर घरात वाद होतो हे मला माहितीये, पण मला सांगा, मुलीच्या फीसाठी तुम्ही पाटल्या खरंच मोडणार आहात का? मोडणार नसाल तर ते सोनं तुमच्या गुंतवणुकीत नाही. शिवाय घडणावळ आणि जीएसटी खरेदीच्या वेळीच गेलेले असतात आणि मोडताना सराफ वर घट धरतो, म्हणजे पेपरातला भाव गुणिले तोळे असा हिशोब तुम्हाला कधीच मिळत नाही.

उलट पीएफ मात्र मोजायचाच. पीएफ म्हणजे डेट. "माझं सगळं इक्विटीत आहे, डेट काहीच नाही" असं म्हणणाऱ्या पगारदाराचे बऱ्याचदा १५-२० लाख पीएफमध्ये शांत पडलेले असतात.

तर एफडी आणि दागिने सोडून उरले ९९ लाख. त्यात इक्विटी ५८, डेट २७ (पीएफ आणि पीपीएफ), सोनं १४. ढोबळमानाने ५९ : २७ : १४. कागदावर अगदी शहाणं प्रमाण दिसतं, कुणालाही दाखवलं तर "छान आहे की" म्हणेल. प्रॉब्लेम असा आहे की तीन वर्षांनी लागणाऱ्या फीसाठी या ९९ लाखांत एक रुपयाही तयार ठेवलेला नाही. पीएफला हात लावायचा नाही, पीपीएफ चार वर्षांनी सुटणार आणि बाकी सगळं बाजारभावावर.

आता तारखा

फी आजच्या दराने वर्षाला ४ लाख धरू, हॉस्टेल धरून. वाढ वर्षाला ९ टक्के धरलीये, हा अंदाज आहे, तुम्ही तुमच्या कॉलेजची मागच्या चार-पाच वर्षांची फी बघून बदला. तर तीन वर्षांनी पहिली फी ५.१८ लाख, मग ५.६५, मग ६.१५ आणि सहाव्या वर्षी शेवटची ६.७१. एकूण २३.७ लाख.

इथे बरेच जण घाबरून २४ लाखांचे इक्विटी फंड विकायला निघतात. जरा थांबा. एक तर हा पैसा मधल्या काळात व्याज कमावणार आहे. टॅक्स जाऊन ५ टक्के जरी धरले तरी आज लागतात साधारण १९ लाख. आणि दुसरं म्हणजे तिसरा रकाना बघा.

पीपीएफचे ९ लाख ७.१ टक्क्यांनी चार वर्षांत ११.८ लाख होतात, करमुक्त. दर तिमाहीला सरकार ठरवतं पण एप्रिल २०२० पासून ७.१ च आहे, म्हणून तेच धरलं. आजपासून चौथ्या आणि पाचव्या वर्षी लागणाऱ्या फीची बेरीज किती? ५.६५ अधिक ६.१५, म्हणजे ११.८. या दोन फिया पीपीएफवर. मॅच्युरिटीनंतर खातं नवीन पैसे न भरता तसंच चालू ठेवलं तर व्याज चालू राहतं आणि आर्थिक वर्षातून एकदा हवी तेवढी रक्कम काढता येते, फी पण वर्षातून एकदाच लागणार, त्यामुळे हे चपखल बसतं. फक्त एक काळजी घ्या, पैसे भरत पुढे चालू ठेवायचा पर्याय निवडलात तर त्या पाच वर्षांच्या ब्लॉकमध्ये सुरुवातीच्या शिलकीच्या ६० टक्क्यांपर्यंतच काढता येतं, त्यामुळे मॅच्युरिटीच्या वेळी बँकेतला माणूस जो फॉर्म पुढे करेल त्यावर न वाचता सही करू नका.

गोल्ड बॉण्ड आठ वर्षांचे असतात, या घरातले दोन वर्षांनी संपतायत. मूळ इश्यूत घेतलेला बॉण्ड शेवटपर्यंत ठेवला की वाढीवर टॅक्स नाही आणि पैसे थेट बँक खात्यात येतात. म्हणजे सोनं कमी करायचंच असेल तर यापेक्षा स्वस्त रस्ता नाही. त्यातले आजचे ५ लाख, म्हणजे दोन वर्षांनी साडेपाच, शेवटच्या फीसाठी नोंदवून ठेवायचे आणि बॉण्ड संपला की त्या दिवशी सोनं परत न घेता ते डेटमध्ये टाकायचे. आज एक्स्चेंजवर विकायची घाई करू नका, व्यवहार कमी होतात त्यामुळे भाव पडून मिळू शकतो आणि वर टॅक्सही लागतो. मधल्या दोन वर्षांत सोनं पडलं तर? पडू शकतं. पण बॉण्ड ८ लाखांचा आहे आणि त्यातून साडेपाच काढायचेत, म्हणजे ३० टक्के पडला तरी रक्कम भरते. तेवढी जागा नसती तर हा मार्ग मी सुचवला नसता.

उरली फक्त पहिली फी. तिच्यासाठी आज साधारण साडेचार लाख बाजूला काढावे लागतील. बघा, २४ लाखांवरून आपण साडेचारवर आलो, कुठलीही जादू न करता, फक्त कोणता पैसा कधी सुटतो ते फीच्या तारखांशी जुळवून.

हे साडेचार लाख मात्र आत्ताच हलवायचे

तीन वर्षांच्या आत लागणारा पैसा इक्विटीत नको, हा माझा नियम आहे आणि यात मी घासाघीस करत नाही. निफ्टी जानेवारी २०२० च्या शिखरावरून २३ मार्च २०२० पर्यंत सुमारे ३८ टक्के पडला होता, तोही दोन-सव्वादोन महिन्यांत. तेव्हा वर यायला फार वेळ लागला नाही हे खरं, पण ते नंतर कळलं. फी भरायची तारीख कॉलेज तुमच्या सोयीने पुढे ढकलत नाही. "अजून जरा वर जाऊ दे मग विकतो" हे वाक्य घरात ऐकू आलं की समजायचं की फीचा पैसा सट्ट्याला लागलाय.

विकताना काय विकायचं आणि कधी, यात टॅक्सचा फरक पडतो. इक्विटी फंड किंवा शेअर एक वर्षाच्या आत विकले तर नफ्यावर २० टक्के. वर्षाच्या वर ठेवले असतील तर १२.५ टक्के, आणि त्यातही एका आर्थिक वर्षात अशा सगळ्या नफ्यातले पहिले सव्वा लाख माफ. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे आहेत, विकण्याआधी चालू वर्षाचे एकदा तपासून घ्या. बऱ्याच इक्विटी फंडांना वर्षाच्या आत विकल्यास १ टक्का एक्झिट लोड असतो तो वेगळाच. आणि एकाच फोलिओत तुमचे जुने युनिट आधी विकले गेले असं धरतात, त्यामुळे दर महिन्याची एसआयपी चालू असली तरी थोडे युनिट विकताना जुनेच जातात. जुने म्हणजे नफा जास्त, हे लक्षात ठेवून आकडा काढा, सरासरी नफ्यावर काढलात तर टॅक्स कमी दिसेल आणि मग जुलैत रिटर्न भरताना वाद होईल.

समजा साडेचार लाख विकताना त्यातला नफा ५५ टक्के निघाला, म्हणजे २.४८ लाख. सगळं एकाच आर्थिक वर्षात विकलं तर सव्वा लाख माफ, उरलेल्या १.२३ लाखांवर १२.५ टक्के आणि सेस मिळून अंदाजे १६ हजार. तेच निम्मं मार्चमध्ये आणि निम्मं एप्रिलमध्ये विकलं तर प्रत्येक वर्षाचा नफा १.२४ लाख, दोन्ही वर्षी माफीच्या आत, टॅक्स शून्य. ३१ मार्चच्या अगदी तोंडावर जाऊ नका, कट-ऑफ वेळ आणि सुट्ट्या बघून आठवडाभर आधीच विका. पण ही युक्ती मार्च जवळ असेल तरच. जूनमध्ये बसून नऊ महिने मार्चची वाट बघणं म्हणजे १६ हजार वाचवायला साडेचार लाख बाजारावर सोडणं, ते करू नका, टॅक्स भरा आणि मोकळे व्हा.

कोणता फंड काढायचा? आधी थेट शेअरांतले जे तुम्ही आता बघतही नाही ते, मग एकसारखे दोन-तीन फंड असतील तर त्यातला एक. तोट्यातला शेअर विकला तर तो तोटा नफ्यातून वजा होतो, फक्त एवढं बघा की वर्षाच्या वर ठेवलेल्या शेअरचा तोटा तशाच दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वजा होतो, इतर कशातून नाही. ईएलएसएस म्हणजे कर वाचवणारा फंड असेल तर प्रत्येक हप्त्याला वेगवेगळे तीन वर्षांचे लॉक-इन आहे, सगळं एकदम सुटत नाही. आणि हो, अॅपमध्ये "स्विच" दाबलं म्हणजे टॅक्स लागत नाही असा एक समज आहे. लागतो. एका स्कीममधून दुसरीत जाणं ही आयकराच्या दृष्टीने विक्रीच आहे, एसटीपी म्हणजे दर महिन्याला थोडं थोडं दुसऱ्या स्कीममध्ये हलवणं, त्याचा प्रत्येक हप्तासुद्धा.

ठेवायचे कुठे

तीन वर्षांनी एकदाच काढायचेत, तेव्हा साधी मोठ्या बँकेची तीन वर्षांची एफडी चालते. एफडीचं व्याज दरवर्षी तुमच्या उत्पन्नात धरलं जातं, काढा वा न काढा. मनी मार्केट किंवा शॉर्ट ड्युरेशन फंडात स्लॅबप्रमाणेच टॅक्स आहे (१ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्यांवर कितीही वर्षं ठेवा, स्लॅबच) पण तो काढताना लागतो, एवढाच फायदा. ३० टक्के स्लॅबवाल्यांना रोखीच्या आणि वायद्याच्या भावातल्या फरकावर कमावणारा आर्बिट्राज फंड बघण्यासारखा असतो कारण त्याला टॅक्स इक्विटीचा लागतो आणि चढउतार बराच कमी असतो, परतावा मात्र माफक.

आता आपल्याकडचा खास मुद्दा. पतसंस्थेत एक-दीड टक्का जास्त मिळतो म्हणून फीचे पैसे तिकडे टाकणारे मी बरेच बघितलेत. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकसुद्धा धरून, प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे व्याजासकट ५ लाखांपर्यंत ठेव विमा आहे. पतसंस्था बँक नाही, तिला हा विमा नाही. ओळखीचा चेअरमन आहे हे तारण नव्हे. डेट फंडातही नुसता जास्त परतावा बघून कमी पत असलेल्या कंपन्यांना कर्ज देणारा क्रेडिट रिस्क फंड घेऊ नका, एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पलटनने सहा डेट स्कीम बंद केल्या तेव्हा लोकांना पैसे हप्त्याहप्त्याने मिळाले, आणि काहींना नेमके तेव्हाच हवे होते. लांब मुदतीचा गिल्ट फंडसुद्धा या कामाचा नाही, त्यात सरकार बुडण्याची भीती नसते पण व्याजदर वर गेले की एनएव्ही चांगलीच खाली येते.

एक अपवाद: १ एप्रिल २०२३ आधी घेतलेले डेट फंडाचे युनिट तुमच्याकडे असतील तर ते शेवटी हलवा, कारण दोन वर्षांच्या वर ठेवलेल्या त्या युनिटना स्लॅब नाही, १२.५ टक्केच लागतो.

उरलेल्याचं प्रमाण, आता टक्के

फीचा सगळा पैसा बाजूला केल्यावर लांबचा गठ्ठा उरतो तो असा: इक्विटी ५८ मधून साडेचार गेले, राहिले ५३.५ लाख. डेट म्हणजे पीएफ १८. सोनं १४ मधून ५ गेले, राहिलं ९. एकूण ८०.५ लाख, आणि प्रमाण झालं ६६ : २२ : ११. आधीच्या ५९ : २७ : १४ पेक्षा हे बरंच आक्रमक निघालं, कारण डेटमधला पीपीएफ खरं तर मुलीचा होता. म्हणूनच सुरुवातीला म्हटलं की एकत्र टक्का फसवतो.

हा गठ्ठा आधी १७ वर्षांनंतर लागणार होता, आता नऊ वर्षांनी त्यातून काढायला सुरुवात. ८५ हजारांचा खर्च ६ टक्के महागाईने नऊ वर्षांनी १.४४ लाख होतो. त्यातला निम्मा कन्सल्टिंगमधून आला तरी महिना ७२ हजार, म्हणजे वर्षाला साडेआठ लाखांच्या वर या गठ्ठ्यातून जाणार. नऊ वर्षांचा अवधी बघता आज ६० : ३० : १० ठेवावं असं माझं मत. ५० वर आणावं असं म्हणणारेही असतील, पण ५२ ला सगळे पैसे एकदम काढायचे नाहीयेत, शेवटचे रुपये ८० व्या वर्षी लागणार आहेत, त्यामुळे आत्ताच इक्विटी फार कापली तर पुढे महागाईच खाऊन टाकेल.

सोनं १० च का? कारण सोनं व्याज देत नाही आणि वर्षानुवर्षं एका जागी बसून राहू शकतं. २०१२ ला जो भाव होता साधारण तोच २०१८ लाही होता. पण २००८ ला आणि २०२० ला शेअर कोसळले त्या वर्षांत सोनं वर होतं, त्याचं काम ते. एप्रिल २०२५ मध्ये तोळा लाखावर गेल्यापासून सगळ्यांना सोनं वाढवावंसं वाटतंय, आणि रिबॅलन्सिंग नेमकं उलटं करायला सांगतं, म्हणून ते जड जातं.

८०.५ लाखांवर ६० : ३० : १० म्हणजे इक्विटी ४८.३, डेट २४.१, सोनं ८.१. इक्विटी पाच लाख जास्त, डेट सहा लाख कमी. हे विकून करायचं? नाही. इथे पुढचा पैसा वापरायचा. पीएफमध्ये दोन्ही बाजूंचे मिळून महिना २० हजार जातात असं धरू, म्हणजे वर्षाला २.४ लाख डेट आपोआप वाढतं. ४५ हजारांच्या एसआयपीतले ३५ हजार वर्षभर डेटकडे वळवा, १० हजार इक्विटीत चालू ठेवा. वर्षभराने, बाजार जागच्या जागी राहिला असं धरून, इक्विटी ५४.७, डेट २४.६, सोनं ९. म्हणजे ६२ : २८ : १०. एक रुपया न विकता, टॅक्स न भरता जवळपास पोचलो. दुसऱ्या वर्षी निम्मं-निम्मं करून उरलेलं भरून काढा.

३५ हजार नेमके कशात? शॉर्ट ड्युरेशन फंड चालेल. व्हीपीएफ म्हणजे पीएफमध्ये स्वतःहून जास्त भरलेले पैसे, त्याचा दर चांगला असतो (पीएफला २०२४-२५ साठी ८.२५ टक्के होता), पण स्वतःचा पीएफ आणि व्हीपीएफ मिळून वर्षाला अडीच लाखांच्या वर गेलं की वरच्या रकमेच्या व्याजावर टॅक्स लागतो. शिवाय पीएफ काढण्याचे नियम बदलत असतात, त्यामुळे ५२ नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांचा खर्च पूर्ण त्यावर सोडू नका, थोडा पैसा फंडात मोकळा हवाच. गृहकर्ज चालू असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी तिकडे बघा, साडेआठ टक्क्यांचं कर्ज आणि टॅक्स जाऊन पाच टक्क्यांची एफडी शेजारी शेजारी ठेवण्यात काही अर्थ नाही.

आणि बायकोच्या नावावर पैसे टाकून तिची सव्वा लाखाची माफी वापरू असा विचार आला तर, तुम्ही दिलेल्या पैशावरचं उत्पन्न तुमच्याच नावावर धरलं जातं. तिची स्वतःची कमाई असेल तर मात्र इक्विटी तिच्या पैशातून आणि घरखर्च तुमच्या, असं वाटून घ्या.

वर्षातून एकदा बघायचं

एप्रिलचा पहिला आठवडा बरा, नवीन सव्वा लाखाची माफी तेव्हा सुरू होते. लांबचा गठ्ठा वेगळा काढून प्रमाण बघा. इक्विटी ठरलेल्या आकड्यापासून पाच पॉइंटच्या आत असेल तर काही करू नका, खरंच काही करू नका. बाहेर गेली असेल तर आधी एसआयपी वळवा, तेवढ्याने वर्षभरात भागणार नसेल तरच विका आणि तेही शक्यतो माफीच्या आत.

सोन्याला पट्टा छोटा, दोन-तीन पॉइंटचा. सोनं १३ च्या वर गेलं तर ईटीएफमधून कापा, ईटीएफ एक वर्षाच्या वर ठेवला असेल तर १२.५ टक्के लागतात. इक्विटीची सव्वा लाखाची माफी सोन्याला मिळत नाही, हे बरेच जण विसरतात.

दोन वर्षं अशी गेली की इक्विटीचं लक्ष्य दरवर्षी दोन-अडीच पॉइंटने खाली आणायचं, ते डेटमध्ये वाढवायचं. म्हणजे ५२ ला इक्विटी ४२ ते ४६ वर येते आणि पहिल्या चार वर्षांचा काढायचा पैसा, साधारण ३५ लाख, डेटमध्ये उभा असतो. ही उतरण आजच कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा, कारण बाजार तेजीत असताना इक्विटी कमी करायला मन तयार होत नाही आणि पडलेला असताना "वर आला की करू" असं होतं.

बाजार मोठा पडला तर? आज ५३.५ लाखांची इक्विटी २०२० सारखी ३८ टक्के पडली तर वीस लाख कागदावरून जातील आणि प्रमाण ५५ च्या आसपास येईल. तेव्हा नवीन एसआयपी पूर्ण इक्विटीत वळवायची. फीसाठी काढलेल्या एफडीला आणि पीपीएफला त्यासाठी हात लावायचा नाही, कितीही स्वस्त दिसलं तरी, कारण तो पैसा या गठ्ठ्यात नाहीच.

दोन वर्षांनी गोल्ड बॉण्ड संपेल तेव्हा काय करायचं ते आत्ताच ठरवून टाका, कारण खात्यात एकदम ८ लाख किंवा जास्त आले की घरात नवीन गाडीचा विषय निघतोच. साडेपाच लाख शेवटच्या फीच्या एफडीत. उरलेले लांबच्या गठ्ठ्यातल्या सोन्याचा भाग आहेत, त्या दिवशी सोनं १० च्या खाली असेल तर तेवढ्याचं ईटीएफ घ्या, वर असेल तर डेट. आणि मधल्या काळात मुलीने इंजिनिअरिंगऐवजी बीएस्सी धरलं किंवा परदेशी जायचं म्हटलं, तर फक्त फीची तारीख आणि रक्कम बदलून पहिल्या यादीचा तिसरा रकाना पुन्हा जुळवायचा, लांबच्या गठ्ठ्याचं प्रमाण त्यासाठी हलवायचं नाही.